कॉलर बोन मोडलंय: प्लेट की स्लिंग?

पावसाळा लागला की बाइक आणि सायकल घसरून खांद्यावर आपटलेली माणसं येतात, आणि सगळ्यांच्या हातात एक्स-रे असतो नि डोक्यात एकच हिशोब, हाड दोन सेंटिमीटरच्या वर आखूड झालं की ऑपरेशन करून प्लेट घालायचीच. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतेय. सगळी उत्तरं हाडाच्या मधल्या भागाच्या फ्रॅक्चरबद्दल आहेत. बाहेरच्या, खांद्याकडच्या टोकाचं फ्रॅक्चर वेगळं असतं, तिथलं लिगामेंट फाटलं असेल तर निर्णय बदलतो, त्यामुळे आधी फ्रॅक्चर नेमकं कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: मेडिकलवाल्याने पाठीवर आठच्या आकड्यासारखा आवळायचा बेल्ट दिलाय, त्याने हाड ओढून जागेवर येतं म्हणाला. गळ्यातली स्लिंग काढून तो लावू का?

नको. त्या बेल्टने सरकलेलं हाड जागेवर येत नाही आणि आलं तरी राहत नाही, उलट काखेत काचतो आणि दुखणं वाढवतो. स्लिंगच ठेवा.

प्रश्न: झोपायचं कसं?

पहिले दोन-तीन आठवडे पाठीला उशा लावून अर्धवट बसून, दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली एक छोटी उशी घेऊन.

प्रश्न: वय 34, रोज सायकलिंग करतो. रिपोर्टमध्ये डिस्प्लेस्ड आणि 22 मिमी शॉर्टनिंग लिहिलंय. एका डॉक्टरांनी दोन सेंटिमीटरच्या वर आहे, उद्याच प्लेट घाला सांगितलं. काका म्हणतात कॉलर बोन आपोआप जुळतं. कोणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धंच ऐका, आणि उद्याची घाई सोडा. पण त्याआधी हे बघा: हाडावरची कातडी तंबूसारखी ताणून पांढरी पडलीये का, जखम हाडापर्यंत आहे का, हात बधिर किंवा गार पडलाय का, श्वासाला त्रास होतोय का? यातलं एक जरी असेल तर आजच हॉस्पिटल, पुढचं नंतर वाचा. नसेल तर दोन आठवड्यांत शांतपणे ठरवलं तरी ऑपरेशन तितकंच नीट होतं.

आता हाड सरकतं म्हणजे डिस्प्लेस कसं होतं ते समजून घ्या. आतल्या तुकड्याला मानेचा स्नायू वर खेचतो, बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली लोंबतो, आणि छातीचा मोठा स्नायू खांदा आत ओढतो, म्हणून तुकडे एकमेकांवर चढतात. हे चढणं म्हणजे शॉर्टनिंग, आणि ते तुम्ही उभे की आडवे यावर बदलतं! माझ्याकडे मागे तुमच्याच वयाचे एक पेशंट आले होते, पहिल्या रात्री स्ट्रेचरवर आडवं झोपवून काढलेल्या फिल्मवर मोजलं तर 15 मिमी, चौथ्या दिवशी उभं करून काढली तर 21, आणि मग दोन्ही कॉलर बोन एकाच फिल्मवर घेऊन टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजून तुलना केली तर फरक निघाला 16. हाड एकच आणि आकडे तीन! त्यात तिरकं मोडलेलं असेल तर वरवर मोजलेला ओव्हरलॅप फसवतो, आणि न मोडलेल्या माणसातही डाव्या-उजव्या हाडात पाचेक मिमी फरक असू शकतो. मग 19 ला स्लिंग आणि 21 ला प्लेट, असं कसं ठरवणार?

तो आकडा आला कुठून? 1960 च्या सुमाराचे अभ्यास सांगायचे की हे हाड जुळत नाही असं क्वचितच होतं, काकांचं म्हणणं तिथलं आहे. पण त्यात सगळ्या प्रकारची फ्रॅक्चरं एकत्र मोजली होती. 1997 मध्ये फक्त पूर्ण सरकलेल्या 52 फ्रॅक्चरचा अभ्यास आला, त्यात 15 टक्के जुळली नाहीत, आणि 20 मिमी किंवा जास्त शॉर्टनिंगचा त्याच्याशी संबंध दिसला. तेव्हापासून दोन सेंटिमीटर ही जणू लक्ष्मणरेषा झाली. पुढे 2017 मध्ये एडिंबराच्या डॉक्टरांनी स्लिंगवर जुळलेली हाडं थ्रीडी सीटीवर मोजली, तर जुळलेल्या हाडात किती शॉर्टनिंग राहिलंय याचा आणि हात कसा चालतोय याचा मेळ बसला नाही. म्हणजे खरी भीती हाड आखूड राहण्याची नाही, ते न जुळण्याची आहे.

आणि ती भीती प्लेटने कमी होते, हे मी मुळीच नाकारत नाहीये. 2017 मध्येच ब्रिटनमध्ये 301 सरकलेल्या फ्रॅक्चरवर प्लेट विरुद्ध स्लिंग अशी थेट तुलना झाली. नऊ महिन्यांनी स्लिंगवाल्यांत 11 टक्के जुळली नव्हती, प्लेटवाल्यांत जेमतेम एक टक्का. सहा आठवडे आणि तीन महिन्यांना प्लेटवाल्यांचा हात चांगला चालत होता, नऊ महिन्यांना दोघांत फरक उरला नाही. म्हणजे दहा जणांना प्लेट घातली की साधारण एकाचं न जुळणं टळतं, बाकी नऊ जणांचा हात पहिल्या तीन महिन्यांत जास्त चांगला चालतो आणि त्याबदल्यात व्रण, व्रणाखाली बधिरपणा, बॅगेच्या पट्ट्याला टोचणारी प्लेट, कधी इन्फेक्शन आणि कधी प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन.

त्या पेशंटची दोन टोकं एकमेकांना थोडी टेकलेली होती, मधे चुरा नव्हता, तो सिगरेट ओढत नव्हता आणि ऑफिसचं काम होतं, म्हणून आम्ही स्लिंग ठेवली आणि सहा आठवड्यांना नीट तपासायचं ठरवलं. त्याची टोकं पूर्ण सुटलेली असती, मधला तुकडा आडवा फिरलेला असता, तो सिगरेट ओढणारा असता किंवा हात लवकर चालला नाही तर रोजगार जाणारा असता, तर मी स्वतःच प्लेटकडे झुकले असते. या गोष्टी तुमच्या डॉक्टरांना एकेक करून विचारा, उभ्याने दोन्ही हाडांची फिल्म काढा, आणि 22 आकडा पुढे करून सही मागितली तर दुसरं मत घ्या.

प्रश्न: टायटॅनियम प्लेटचं पॅकेज 40 हजारांनी महाग आहे, त्याने हाड लवकर जुळतं का?

धातूमुळे लवकर जुळत नाही. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, ते लिहून मागा.

प्रश्न: पाच महिने झाले, अजून हात वर केला की टकटक होतं आणि दुखतं. गावच्या हाडवैद्याने लेप लावून मालिश केली, वेळ लागतो म्हणाला. किती थांबू?

आता अजिबात थांबू नका, आणि मालिश आजच बंद करा. हे थांबणंच मला सगळ्यात जास्त सतावतं, कारण सहा आठवड्यांनाच बरंच कळलं असतं. फिल्मवर मोडलेल्या जागी कॅलस, म्हणजे नव्या हाडाचा ढगासारखा गोळा दिसतो का, बोटांनी दाबून तुकडे हलतात का, आणि रोजच्या कामात हात अजून खूप त्रास देतो का, या तीनच गोष्टी. एडिंबराच्याच दुसऱ्या एका अभ्यासात तिन्ही ठीक असतील तर न जुळण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास होती, दोन किंवा जास्त बिघडलेल्या असतील तर साठच्या आसपास. तुमची टकटक म्हणजे बहुतेक तुकडे हलताहेत. उशिरा प्लेट घालूनही हाड जुळतं, फक्त ऑपरेशन मोठं होतं आणि कधी कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे भरावं लागतं. नवीन एक्स-रे घेऊन या आठवड्यातच ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा, सिगरेट-तंबाखू असेल तर तेही सांगा.

प्रश्न: जुळलंय पण उंचवटा राहिलाय, मुलीच्या लग्नाआधी घासून काढता येईल का?

पहिलं वर्षभर हात लावू नका, तो स्वतःच थोडाफार बसू शकतो. त्यानंतरही खुपत असेल तर दाखवा.