82 फूट काचेला चार शीट कशा काय लागतात?

प्रश्न: स्लायडिंग खिडक्यांसाठी 24½ × 40 इंची 12 काचा हव्या आहेत, म्हणजे साधारण 82 चौरस फूट. 7 × 4 फुटी शीट 28 चौरस फुटांची, तर तीन शीट पुरायला पाहिजेत. मिस्त्री चार मागतो, आणि तीन बाथरूमच्या लूव्हरच्या पट्ट्यांसाठी आणखी एक. तो मला बनवून राहिला का?

उत्तर:

चौथ्या शीटपर्यंत तो बरोबर आहे. पाचवी मात्र देऊ नका.

मी नागपुरातच अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. चौरस फुटांचा भागाकार करून शीट मागवणारे गिऱ्हाईक बरेच भेटतात. काच प्लायवूडसारखी नसते. करवतीने जेवढी रुंदी खाल्ली जाते तेवढी इथे जात नाही, कारण कटर फक्त रेघ मारतो आणि काच त्या रेघेवर तुटते. पण रेघ एका कडेपासून थेट समोरच्या कडेपर्यंतच न्यावी लागते. मध्येच थांबून काटकोनात वळता येत नाही. त्यामुळे कोपऱ्यातून हवा तेवढा चौकोन काढून उरलेली L आकाराची काच वापरू, हे साध्या कटरने जमत नाही.

आता तुमची शीट बघा, 84 × 48 इंच. 48 मध्ये 24½ दोनदा बसत नाही, एका इंचाने हुकते. म्हणून काच फिरवून लावायची: 84 मध्ये 24½ तीनदा, आणि 48 मध्ये 40 एकदा. एका शीटमधून तीन काचा, बारा काचांना चार शीट. जवळपास 27 टक्के काच उरते. 8 × 6 ची शीट घेतली तरी तिच्यातून पाचच निघतात, मग तीन शीट म्हणजे 144 फूट घ्याव्या लागतील.

खरी बचत त्या उरलेल्या काचेत आहे, आणि ती पहिली रेघ कुठे मारता यावर ठरते. लूव्हरची पट्टी 19½ × 6 इंच धरतो, तुमचं माप वेगळं असेल तर ते घाला. मिस्त्रीने आधी 73½ वर आडवं तोडलं, तर उरतात 10½ × 48 आणि 73½ × 8 असे दोन तुकडे. पहिल्यात दोन पट्ट्या, दुसऱ्यात तीन, एकूण पाच. त्याऐवजी आधी शीटच्या लांबीने 40 वर रेघ मारली, तर 84 × 8 ची अखंड पट्टी सुटते. तिच्यात चार आणि उरलेल्या 10½ × 40 मध्ये दोन, एकूण सहा. तीन बाथरूमच्या प्रत्येकी चार म्हणजे बारा पट्ट्या दोनच शीटच्या उरलेल्या काचेतून निघतात, आणि बाकी दोन शीटच्या 8 इंची पट्ट्या अख्ख्या हातात राहतात. यासाठी खिडकी आणि लूव्हरची काच एकाच जाडीची हवी. 5 मिमी दोन्हींना चालते.

8 इंचातून 2 इंच काढायचे असतात तेव्हा आधी 19½ चे तुकडे पाडायचे आणि मग 2 इंच तोडायचे. लांब पट्टीवरून अरुंद कड तोडायला गेलं की तूट रेघ सोडून अरुंद बाजूकडे पळते. दोन्ही बाजूंना सारखी काच असली तर ती सरळ जाते. एकाच रेघेवर दोनदा कटर फिरवणारा कारीगर दिसला तर त्याला तिथेच थांबवा. कडेला शिंपल्यासारखे टवके उडतात, आणि रंगीत काच असेल तर नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीला तडा तिथूनच जातो.

अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन अजून कापले नसतील, तर मिस्त्रीला विचारा की खिडकीचं प्रत्येक सरकतं शटर अर्ध्या इंचाने अरुंद होईल का. दोन शटरची खिडकी एक इंचाने लहान होईल. मग काच 24 × 40 ची, लांबीने शीटच्या मधोमध एक रेघ, प्रत्येक अर्ध्यातून दोन म्हणजे एका शीटमधून चार काचा, आणि बारा काचा तीन शीटमध्ये. पण मग लूव्हरच्या पट्ट्या उरलेल्या काचेतून निघत नाहीत, त्यांना वेगळी काच लागेल. शिवाय इथे रुंदीत छाटायला काहीच जागा उरत नाही, म्हणून शीट उतरवून घेतानाच कडा चारी बाजूंनी बघा. कड चिपलेली असेल तर ती शीट परत करा. खिडकीच्या बाजूला प्लास्टर व्हायचं असेल तर तो इंच त्यात सहज जातो. ग्रॅनाईटच्या पट्ट्या आधीच बसल्या असतील तर या भानगडीत पडू नका, एक इंचाची फट सिलिकॉनने भरत नाही.

एक पर्याय दुकानातून मापाने कापून घ्यायचा आहे. पण बरीच दुकानं माप 3 इंचाच्या पटीत वर नेऊन बिल करतात. तुमची 24½ × 40 ची काच 27 × 42 धरली जाईल आणि 82 फुटांचे साडेचौऱ्याण्णव होतील. वर कापून दिलेल्या मालाचा दर अख्ख्या शीटपेक्षा जास्त असतो आणि उरलेली काच दुकानदाराकडेच राहते. इतवारीत विचाराल तेव्हा दोन्ही दर आणि बिलाची पट आधी विचारून घ्या, मगच हिशेब करा.