येताना लागणारा जादा वेळ: वारा नेमकं काय करतो आणि जोडविमानात किती अंतर ठेवावं

«डिसेंबरमध्ये पुण्याहून कोलकात्याला सव्वादोन तासांत पोचलो, येताना मात्र पावणेतीन तास लागले. विमान तेच, कंपनी तीच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं का? जानेवारीत आईला कोलकात्याहून मुंबईला आणून पुढे दुबईचं वेगळं तिकीट काढायचंय. मध्ये दोन तास पुरतील का?»

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण अगदी याच मार्गावर आमच्या सासऱ्यांचं पुढचं विमान चुकलं होतं. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: जानेवारीत, वेगवेगळ्या तिकिटांवर, वयस्कर माणसाला दोन तास मुळीच पुरत नाहीत. का ते सांगते.

पृथ्वीच्या फिरण्याचा थेट संबंध नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. विमान हवेत गेलं आणि जमीन खालून सरकत राहिली असं खरंच होत असतं, तर कोलकाता तुमच्यापासून लांब पळालं असतं आणि जातानाच जास्त वेळ लागला असता. तुमचा अनुभव नेमका उलटा आहे.

फरक पाडतो तो साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा. हिवाळ्यात दक्षिणेकडची हवा गरम आणि उत्तरेकडची थंड असते. गरम हवा फुगून उंच होते, त्यामुळे त्या उंचीवर दक्षिणेला दाब जास्त आणि उत्तरेला कमी राहतो. हवा उत्तरेकडे निघते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे म्हणजे पूर्वेकडे वळत जाते आणि पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा प्रवाह तयार होतो. पृथ्वीच्या फिरण्याचा हातभार आहे तो एवढाच, वाऱ्याला दिशा देण्यापुरता. या प्रवाहाचा, म्हणजे जेट स्ट्रीमचा, सगळ्यात जोरकस पट्टा हिवाळ्यात उत्तर भारतावर असतो. पुणे-कोलकाता मार्ग त्याच्या दक्षिणेला पडतो, तरी त्याचा चांगलाच मार बसतो.

आता हिशेब बघा. पुणे ते कोलकाता सरळ अंतर साधारण १६०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० किलोमीटर धरू आणि वारा ताशी १२० धरू. चढण्या-उतरण्यातला वेग कमी असतो, ते सध्या सोडून देऊ. जाताना वारा पाठीशी, म्हणून जमिनीवरून मोजलेला वेग ९५० होतो आणि १ तास ४१ मिनिटं लागतात. येताना तोच वारा समोरून, वेग ७१०, वेळ २ तास १५ मिनिटं. विमानाचं जमिनीवर सरकणं, धावपट्टीची रांग, चढण-उतरण मिळून दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास मिळवा, की तुमचेच आकडे येतात.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वारा नसता तर प्रत्येक बाजूला १ तास ५६ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना १५ मिनिटं वाचली, पण येताना १९ गेली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. वारा वाढला की ही दरी आणखी रुंदावते. समजा तो १२० ऐवजी १८० झाला, तर येतानाचा वेळ २ तास २८ मिनिटं होतो, म्हणजे आणखी १३ मिनिटं. जाताना मात्र वाचतात जेमतेम सहा मिनिटं.

विमान कंपन्या वेळापत्रकात हा नेहमीचा वारा धरूनच वेळ छापतात, त्यामुळे येतानाचा छापील वेळ आधीच जास्त असतो. अडचण होते ती नेहमीपेक्षा जोरकस वाऱ्याच्या दिवशी.

सासरे कोलकात्याहून मुंबईला येऊन पुढे मस्कतला नणंदेकडे जाणार होते. निघायलाच थोडा उशीर झाला, वर समोरून वारा जोरात होता, मुंबईला उतरल्यावर सामान यायला वेळ लागला आणि काउंटर बंद झालं. नवं तिकीट घ्यावं लागलं. विमा होता, खराब हवामानामुळे जोडविमान चुकलं तर भरपाई असं त्यात लिहिलेलंही होतं. पण दावे बघणाऱ्या कार्यालयाने दोन्ही विमानतळांवरच्या हवामानाचे दाखले मागितले. आम्ही दिले. त्यावर उत्तर आलं, दोन्हीकडे आकाश स्वच्छ, वारा मंद, दृश्यमानता उत्तम, सबब हवामान कारणीभूत नाही. मी पुन्हा लिहिलं, अहो, वारा धावपट्टीवर नव्हता, तो वाटेत, अकरा किलोमीटर उंचीवर होता, त्याची नोंद वेगळ्या नकाशात असते. फोनवरच्या बाईंनी मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, फॉर्ममध्ये उंचीचा रकाना नाहीये." फाइल बंद. मला पैशांपेक्षा याचा राग आहे, की उशिराचं खरं कारण वाचायला कोणी तयारच नव्हतं. देशभरातल्या ठाण्यांवरून रोज बलून सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजतात, ही माहिती गुपित नाही. आपल्या पुण्यात तर शिमला ऑफिस सगळ्यांच्या तोंडी आहे, तिथे हवामानखात्याचंच काम चालतं.

मी विम्यातली तज्ज्ञ नाही, प्रत्येक पॉलिसीच्या अटी वेगळ्या असतात. पण दावा करायची वेळ आलीच, तर फक्त विमानतळाच्या हवामानावर विसंबू नका. विमान कंपनीकडून उशिराचं कारण लेखी घ्या आणि त्या दिवशीचा २५० हेक्टोपास्कल पातळीचा वाऱ्याचा नकाशा जोडा. ही पातळी साधारण साडेदहा किलोमीटर उंचीची, म्हणजे बहुतेक जेट विमानं उडतात तिथलीच.

वारा खरंच किती आहे हे स्वतःच पाहायचं असेल, तर खिडकीशी बसून फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि जीपीएसवर वेग बघा. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, फक्त फोन काचेजवळ धरावा लागतो. पूर्वेकडे जाताना हजाराच्या आसपास आणि पश्चिमेकडे येताना सातशेच्या आसपास आकडा दिसला तर समजा, जेट जोरात आहे. तुलना करताना गेट ते गेट वेळ घेऊ नका, उड्डाण ते उतरण्यापर्यंतचा घ्या, नाहीतर पुण्याच्या धावपट्टीची रांग वाऱ्याच्या नावावर जमा होते.

आणि हो, हे सगळं हिवाळ्याचं. मॉन्सूनमध्ये तिबेटचं पठार तापतं, उत्तरेकडची वरची हवा दक्षिणेकडच्या समुद्रावरच्या हवेपेक्षा गरम होते आणि वारा उलटतो. भारताच्या दक्षिण भागावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जेट वाहतो. आपल्याकडचे हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याबद्दल लिहिलं होतं. त्याचा गाभा विमानांच्या वर, चौदा-सोळा किलोमीटरवर असतो, म्हणून प्रवाशाला त्याचा जोर कमी जाणवतो. पण जुलैत कोलकाता-पुणे फरक बराच आटतो, कधी येतानाच थोडं लवकर पोचतो.

आईंचं म्हणाल तर मुंबईत निदान पाच तास ठेवा. शक्य असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. आणि देशांतर्गत विमान कोणत्या टर्मिनलला उतरतं ते बुकिंगआधी बघा. टर्मिनल बदलायचं असेल तर बाहेर पडून गाडीने जावं लागतं, त्यात संध्याकाळची गर्दी असली तर वाऱ्याचा हिशेब बाजूलाच राहतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी मिळायला वेळ लागतो.