प्रशासकीय कायदा: शेवटच्या आठवड्यात नैसर्गिक न्यायाची कालरेषा कशी पक्की करावी

प्रश्न: एलएल.बी.चा प्रशासकीय कायद्याचा पेपर पुढच्या सोमवारी आहे. नोट्समध्ये साठेक खटले आहेत, त्यांची वर्षं एकमेकांत मिसळतात आणि कोणता निकाल कुणानंतर आला तेच आठवत नाही. आठवड्यात उजळून होईल अशी महत्त्वाच्या टप्प्यांची कालरेषा कुणी सांगेल का?

उत्तर: साठ खटल्यांची एकच लांब यादी करू नका. ती पाठ झाली तरी उत्तर लिहिताना कामी येत नाही. प्रत्यायोजित विधिनियम, न्यायाधिकरणे, रिट आणि नैसर्गिक न्याय यांच्या रेषा वेगवेगळ्या काढाव्या लागतात. त्यांतील नैसर्गिक न्यायाची रेषा मी येथे पूर्ण मांडतो, कारण समस्या सोडवण्याच्या प्रश्नात तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. या रेषेवर न्यायालय दर काही वर्षांनी स्वतःलाच विचारायचा प्रश्न बदलत गेले आहे. तो प्रश्न धरून ठेवला की निकालाचे वर्ष आपोआप जागेवर बसते.

सुरुवात 1863 च्या कूपर विरुद्ध वँड्सवर्थ बोर्ड ऑफ वर्क्स या इंग्लंडमधील खटल्यापासून करा. लंडनमध्ये घर बांधण्यापूर्वी स्थानिक मंडळाला सात दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते, आणि ती न दिल्यास मंडळाला बांधकाम पाडण्याचा अधिकार होता. कूपरचे म्हणणे होते की आपण सूचना पाठवली, मंडळाचे म्हणणे होते की ती मिळाली नाही. मंडळाने त्याला काही न विचारता घर पाडले. पाडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते, तरीही न्यायालयाने कूपरच्या बाजूने निकाल दिला. कायदा मौन असेल तेथे ती उणीव सामान्य विधी भरून काढतो, हे सूत्र तेथून आले. शंभरेक वर्षांनंतरचे भारतीय निकाल पुन्हा याच सूत्राकडे परतलेले दिसतील.

मधला काळ मात्र उलट्या दिशेचा आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. या काळात न्यायालय विचारत असे की अधिकार न्यायिक स्वरूपाचा आहे की निव्वळ प्रशासकीय. मुंबईकर वाचकाला प्रॉव्हिन्स ऑफ बॉम्बे विरुद्ध खुशालदास अडवाणी हा 1950 चा खटला लक्षात ठेवणे सोपे जाईल. सरकारने 1947 च्या जमीन अधिग्रहण अध्यादेशाखाली मुंबईतील एक फ्लॅट ताब्यात घेण्याचा आदेश काढला होता. उच्च न्यायालयाने सर्शिओरारीचा रिट दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो निर्णय फिरवला. सार्वजनिक प्रयोजन आहे की नाही हे ठरवणे ही प्रशासकीय कृती आहे, अर्धन्यायिक नाही, म्हणून तो रिट तेथे चालत नाही, असे कारण दिले गेले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने सिलोनमधील नक्कुदा अलीच्या खटल्यात कापड व्यापाऱ्याच्या परवान्याबाबत असेच म्हटले. या दोन निकालांना मी भिंत म्हणतो, कारण नंतरचे निकाल हीच भिंत पाडतात.

ती पहिल्यांदा हादरली ब्रायटनच्या पोलीसप्रमुखाच्या प्रकरणात, म्हणजे रिज विरुद्ध बाल्डविनमध्ये. फौजदारी खटल्यातून सुटलेल्या या अधिकाऱ्याला समितीने म्हणणे न ऐकता बडतर्फ केले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने ती बडतर्फी टिकू दिली नाही. माणसाच्या हक्कांवर परिणाम करण्याच्या अधिकारातूनच न्यायिकपणे वागण्याचे कर्तव्य निघते, ते कायद्यात वेगळे लिहिलेले असावे लागत नाही, ही त्यातील मांडणी. भारतात हा विचार 1967 च्या बिनापाणी देई खटल्यात स्पष्ट शब्दांत आला. ओरिसा सरकारच्या सेवेतील या डॉक्टरांची जन्मतारीख सरकारने स्वतःच बदलून ठरवली आणि त्यांना सेवानिवृत्त केले. आदेश प्रशासकीय असला तरी त्याचे नागरी परिणाम होत असतील, तर नैसर्गिक न्याय पाळावाच लागेल, असे न्यायालयाने सांगितले. अधिकार कोणत्या जातीचा आहे हा प्रश्न येथे मागे पडतो, आणि समोरच्या माणसाचे काय होते हा प्रश्न पुढे येतो.

क्रायपाक प्रकरण (1969) हीच दिशा पूर्ण करते, पण ते दुसऱ्या अंगाने, पक्षपाताच्या नियमावरून, हे विसरू नका. जम्मू-काश्मीरच्या वनसेवेतून अखिल भारतीय सेवेत निवड करायची होती. प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतः उमेदवार होते आणि पदसिद्ध म्हणून निवड मंडळाचे सदस्यही होते. त्यांच्या स्वतःच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बाजूला झाले, परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या चर्चेत आणि पसंतीक्रम लावताना ते बसलेले होते. एवढ्यावरून निवड रद्द झाली. ‘ते आपल्या नावाच्या वेळी उठून गेले होते’ एवढेच लिहून थांबू नका, खरा दोष प्रतिस्पर्ध्यांच्या चर्चेत होता, हे वाक्य अवश्य लिहा. प्रशासकीय आणि अर्धन्यायिक यांमधील रेषा पुसट होत चालली आहे, हे विधानही याच निकालातले.

आता तारखांचा सापळा. वर्षे मिसळतात त्याचे मुख्य कारण हे की नोट्समध्ये कुठे निकालाचे वर्ष असते, तर कुठे अहवालाचे. रिज विरुद्ध बाल्डविनचा निकाल 1963 चा, पण अपील केसेसमध्ये तो 1964 च्या खंडात छापला आहे. क्रायपाकचा निकाल 29 एप्रिल 1969 चा, पण एआयआरमध्ये तो 1970 खाली सापडतो. मोहिंदरसिंग गिलचा निकाल 2 डिसेंबर 1977 ला आणि मनेका गांधींचा 25 जानेवारी 1978 ला लागला, तरी उद्धरणात दोन्ही 1978 चेच दिसतात. मी विद्यार्थी असताना गिल मनेकानंतर लिहून ‘मनेकाचा विस्तार’ असे त्याचे वर्णन केले होते, आणि तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली होती. वहीत निकालाची तारीख डावीकडे आणि अहवालाचे वर्ष उजवीकडे, असे दोन रकाने एकदाच करा. या कामाला एक संध्याकाळ पुरते.

गिलमधून एक वेगळी गोष्ट उचला. पंजाबमधील फिरोजपूर मतदारसंघातील मतदान निवडणूक आयोगाने रद्द केले होते. आदेशाची वैधता त्या आदेशातच दिलेल्या कारणांवरून तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सुधारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यासाठी आधार घेतला तो मुंबईच्याच पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी या 1951 च्या निकालाचा, ज्यात अंधेरीतील चित्रपटगृहाची परवानगी रद्द करण्याचा वाद होता.

मनेका गांधींपासून ‘कधी ऐकायचे’ हा प्रश्न सुरू होतो. पासपोर्ट अडकवून ठेवला, कारणे देण्यास नकार दिला आणि त्यामागे सार्वजनिक हिताचा दाखला दिला. आधी नोटीस दिल्यास माणूस देश सोडून जाईल, ही सरकारची अडचण न्यायालयाने मान्य केली, पण मग आदेशानंतर लगेच सुनावणी दिलीच पाहिजे असे म्हटले. महान्यायवादींनी तसे आश्वासन दिल्यामुळे न्यायालयाने आदेश औपचारिकरीत्या रद्द केला नाही. अनेक उत्तरांत ‘रद्द केला’ असे असते, ते चूक आहे.

निर्णयोत्तर सुनावणी ही पळवाट होऊ नये, हे पुढच्या दशकात ठरले. 1981 च्या स्वदेशी कॉटन मिल्समध्ये कायद्यात ‘तातडीने’ असा शब्द असूनही बहुमताने पूर्वसुनावणी वगळलेली नाही असे मानले. 1987 च्या के. आय. शेफर्डमध्ये, बँकांच्या एकत्रीकरणात वगळलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, नंतर ऐकणे पुरेसे नाही असे ठरले, कारण एकदा निर्णय घेतलेला अधिकारी सहसा आपलेच म्हणणे उचलून धरतो. या दोहोंच्या मध्ये 1985 चे ओल्गा टेलिस येते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 314 मध्ये नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार होता. नोटीस न देण्याची ती केवळ मुभा आहे, सक्ती नाही, असा अर्थ लावून सामान्यतः ऐकून घेतलेच पाहिजे असे न्यायालय म्हणाले. तरीही याच खटल्यात पदपथवासीयांची बाजू आपल्यासमोर ऐकली गेली आहे, म्हणून वेगळी सुनावणी नको, असेही म्हटले, आणि झोपड्या 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून एक महिना होईपर्यंत, काढू नयेत असा दिलासा दिला. तत्त्व मोठे आणि प्रत्यक्ष लाभ मर्यादित, हे दोन्ही लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

शेवटचा प्रश्न ‘न ऐकल्याने बिघडले काय’ हा आहे. 1980 मध्ये एस. एल. कपूर निकालाने सांगितले की सुनावणी न देणे हेच नुकसान आहे, वेगळे सिद्ध करायला नको. 1993 च्या ईसीआयएल विरुद्ध करुणाकर खटल्याने चौकशी अहवालाची प्रत देणे आवश्यक मानले, पण ती न दिल्याने कर्मचाऱ्याचे काही नुकसान झाले का हेही पाहा, असे म्हटले. 1996 च्या एस. के. शर्मा खटल्याने मुळीच सुनावणी न होणे आणि सुनावणीत एखादी त्रुटी राहणे, यांत फरक केला. 2023 मध्ये स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या निकालाने कर्जखाते फसवणुकीचे ठरवण्यापूर्वी कर्जदाराला ऐकावे असे सांगितले, म्हणजे रेषा अजून लांबतेच आहे.

ही रेषा वापरायची कशी, ते एका कल्पित उदाहरणावर पाहा. तपासणीत दोन क्विंटल गहू कमी भरला म्हणून पुरवठा अधिकाऱ्याने रास्त भाव दुकानाचा परवाना त्याच दिवशी रद्द केला. नियमात सुनावणीचा उल्लेख नाही. आदेशात फक्त ‘सार्वजनिक हितास्तव’ एवढेच आहे. उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करताना जुन्या तक्रारींचे कारण प्रथमच पुढे आले, आणि आम्ही नंतर ऐकायला तयार आहोत असेही सांगितले गेले.

अडवाणीच्या काळात विचारले गेले असते की हा अधिकार अर्धन्यायिक आहे का. बिनापाणी आणि क्रायपाकनंतर त्या प्रश्नावर अर्धे पानही खर्च करू नका. उपजीविका जाते, म्हणून नागरी परिणाम आहेत. नियम मौन आहे, त्यामुळे कूपरचे सूत्र लागू होते. तातडी होती का? धान्य गायब होण्याची भीती असेल तर परवाना तूर्त निलंबित करून साठा सील करता आला असता, थेट रद्द करण्याची तातडी दिसत नाही. म्हणून नंतर ऐकण्याची तयारी शेफर्डमुळे अपुरी ठरते. जुन्या तक्रारी गिलमुळे विचारात घेता येत नाहीत. सरकारी पक्ष म्हणेल की गहू कमी भरलाच होता, ऐकून काय फरक पडला असता. येथे सुनावणीत त्रुटी नाही, सुनावणीच झालेली नाही, म्हणून शर्मापेक्षा कपूर जवळचा आहे. तरीही दुकानदाराला परवाना कायमचा परत मिळतो असे लिहू नका. आदेश रद्द होईल आणि नोटीस देऊन नव्याने निर्णय घेण्यासाठी प्रकरण त्याच कार्यालयाकडे परत जाईल, आणि तेथे वजनाचा पंचनामा दुकानदाराला खोडून काढावाच लागेल.