रात्रंदिवस बाई ठेवायची आहे, घरमालकांना कसं विचारू?

"वडगावात भाड्यानं राहतो. बाबांना अर्धांगवायू झालाय, त्यांच्यासाठी बाई घरीच राहायला ठेवायची आहे. करारात 'कुटुंबाखेरीज कुणी राहू नये' असं लिहिलंय. मालकांनी घरच सोडा म्हटलं तर?"

बाई सामान घेऊन येण्याआधी विचारा, आणि लेखी विचारा. शहापुरातल्या एका कुटुंबानं अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी खानापूरकडच्या एक मावशी आणल्या आणि मालकांना "पाहुण्या आहेत" म्हणून सांगितलं. पंधरवड्यानं गच्चीवर रोजच त्यांची लुगडी वाळताना दिसली. मालकांना राग आला तो मुख्यतः लपवल्याचा. त्यात मावशींच्या पगारातून दरमहा हजार रुपये 'खोलीचे' म्हणून कापले जात होते, हेही त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी थेट पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप केला.

हे हजार रुपयेच घातक होते. पोटभाडेकरू म्हणजे घराचा भाग दुसऱ्याच्या ताब्यात देणं, बहुधा पैसे घेऊन. कामासाठी राहणाऱ्या बाईचा घरावर तसा ताबा नसतो, पण तिच्याकडून राहण्याचे पैसे घेतले की हा फरक पुसट होतो. कुटुंबानं कपात थांबवली आणि मावशींचं अंथरूण आजींच्याच खोलीत घातलं. वेगळी खोली नाही, वेगळं कुलूप नाही.

मग अर्ज दिला. मालक कानडी वाचणारे, म्हणून कानडीत आणि मराठीत, दोन प्रतींत. त्यातला मजकूर असा:

"आईंना रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यासाठी सौ. … या आईंच्या खोलीत राहतील. त्यांच्याकडून भाडं घेत नाही. आईंची गरज संपली किंवा आम्ही घर सोडलं की त्याही जातील. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बदली बाई येईल."

सोबत मावशींच्या आधार कार्डाची प्रत, गावचा पत्ता आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. अर्जातलं बदली बाईचं शेवटचं वाक्य गाळू नका. परवानगी एकीचीच घेतलेली असते आणि आठवड्यानं दारात दुसरीच उभी दिसते, तिथे पुन्हा बिनसतं.

मालकांची खरी काळजी टाकीतल्या पाण्याची आणि रात्री उघडणाऱ्या गेटची निघाली. पाण्याचे जादा पैसे ठरले, दहानंतर गेट घरच्यांनीच उघडायचं ठरलं. ते लिहून मालकांनी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही केली. तोंडी "बघू, राहू द्या" यावर थांबू नका, पुढे घर मुलाच्या हाती गेलं की ते कुणालाच आठवत नाही.

बोलताना गयावया करू नका. बाबांचा आजार दोन वाक्यांत सांगा, मग "तुम्हाला कशाची अडचण वाटते?" एवढं विचारून गप्प बसा. तरीही नकार आला, तर तीन महिन्यांपुरती परवानगी मागा. तीही मिळाली नाही, तर बारा-बारा तासांच्या पाळीनं दोन बाया ठेवा. खर्च वाढतो, पण त्या कामाला येऊन जातात, घरात राहत नाहीत, त्यामुळे करारातली ती अट आड येत नाही.