एडब्ल्यूएसवर आधी काय सुरक्षित करावं?

प्रश्न: आमचं स्टार्टअप एडब्ल्यूएसवर आहे. मग सुरक्षा त्यांची की आमची?

डेटा सेंटर, हार्डवेअर आणि व्हर्च्युअलायझेशन एडब्ल्यूएस सांभाळतं. त्यावरचं किती तुमच्याकडे येतं, ते निवडलेल्या सेवेवर ठरतं. EC2 वर स्वतः पोस्टग्रेस चालवलंत, तर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅचसुद्धा तुम्हीच लावायचे. तोच डेटाबेस RDS वर नेला की ते काम त्यांच्याकडे जातं. टीम छोटी असेल तर मी हेच सुचवेन. पण डेटा, पासवर्ड आणि कोणाला प्रवेश द्यायचा, हे तिथेही तुमच्याकडेच राहतं. आजच सिक्युरिटी ग्रुप उघडून बघा. 5432 पोर्टसमोर `0.0.0.0/0` असेल आणि डेटाबेसला `Publicly accessible` हा पर्याय चालू असेल, तर तो अख्ख्या इंटरनेटला खुला आहे. आधी ते बंद करा, मग रूट खात्याला एमएफए लावा.