गाडी घेण्याआधी सर्व्हिस सेंटर कसं पारखावं?

प्रश्न: कार घ्यायचीय. आधी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चक्कर मारली तर तिथे नेमकं काय बघू?

उत्तर: शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, तेव्हा बऱ्याच गाड्या परत मिळत असतात. गाडी न्यायला आलेल्या दोघा-तिघांशी बोला आणि जॉब कार्ड दाखवायची विनंती करा. त्यावर गाडी द्यायची वेळ आणि अंदाजे खर्च लिहिलेला असतो, तो हातातल्या बिलाशी ताडून बघा. दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन अशा ओळी दिसल्या, तर त्या आधी विचारून लावल्या होत्या का, हे जरूर विचारा. गाडीसोबतच्या पुस्तिकेतल्या वेळापत्रकात ही कामं सहसा नसतातच. मग वर्कशॉपच्या काचेतून चाक बसवताना बघा. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने आवळतात, की नुसती हवेची गन मारून गाडी खाली उतरवतात? मला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.