'असर्शन'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'पडताळणी' नेमकी कुठून कुठे?

प्रश्न: "ऑडिट पुराव्याचा धडा दोन पानांत बसवतेय. प्रक्रिया, पुराव्याचा प्रकार आणि असर्शन असे तीन रकाने केलेत. 'असर्शन'ला कुणी विधान म्हणतं, कुणी प्रतिपादन. यातलं बरोबर कोणतं? आणि व्हाउचिंग, ट्रेसिंग या दोन्हींसाठी 'पडताळणी' लिहिलं तर चालेल ना?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: 'दावा' म्हणा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. पण आधी दाव्याबद्दल.

'प्रतिपादन' म्हटलं की कुणीतरी उभं राहून मुद्देसूद बोलतंय असं वाटतं. ताळेबंदात तसं कुणी बोलत नाही. तिथे फक्त एक ओळ असते: 'शिल्लक माल 48,60,000'. 'विधान' त्यापेक्षा बरं, पण ते फार निर्विकार आहे; विधान कुणाचंही असू शकतं. दाव्याला मात्र दावेदार असतो. इथे तो म्हणजे कंपनीचं व्यवस्थापन, आणि ती एक ओळ छापून त्याने न बोलता बरेच दावे केलेले असतात. माल खरोखर आहे. जेवढा आहे तेवढा सगळा धरला आहे. तो आमच्या मालकीचा आहे. लावलेली किंमत योग्य आहे. शिवाय वर्षाच्या शेवटच्या दिवसाची रेघ बरोबर जागी मारली आहे, म्हणजे पुढच्या वर्षाचं काही अलीकडे आलेलं नाही आणि अलीकडचं पलीकडे गेलेलं नाही. पुस्तकात यांना अस्तित्व, पूर्णता, हक्क, मूल्यमापन आणि कटऑफ अशी नावं असतात. आंतरराष्ट्रीय मानक ISA 315 मध्ये यांची रीतसर यादी आहे. तिथे कटऑफ हा वर्षभरातल्या व्यवहारांचा दावा म्हणून येतो, शिलकीचा म्हणून नाही. पण तो चुकला की शिल्लकही चुकते, म्हणून मी तो इथेच घेतला. 'दावा' म्हटल्यावर कोर्टकचेरी आठवते ही अडचण मान्य आहे. माझ्या मते ती सोयच आहे, कारण दावा म्हटला की 'पुरावा काय?' हे आपोआप तोंडात येतं.

आता पडताळणी. खातेवहीतली विक्रीची नोंद घेतली आणि तिच्यामागचं चलन शोधलं, हीसुद्धा पडताळणी. चलनांची फाइल घेतली आणि प्रत्येक चलन खातेवहीत चढलंय का पाहिलं, हीसुद्धा पडताळणी. कागद तेच, वही तीच, पण तपासलेले दावे एकमेकांच्या उलट. पहिल्यात नोंद खोटी असेल तर ती सापडते, कारण तिच्यामागे चलनच नसतं. दुसऱ्यात राहून गेलेली नोंद सापडते. पहिल्या वाटेने कितीही नोंदी तपासल्या तरी न चढलेली विक्री कधीच सापडणार नाही. जी नोंद वहीत नाहीच, ती तुमच्या निवडीत येणार कशी?

पहिल्यासाठी, म्हणजे व्हाउचिंगसाठी, आपल्याकडे 'प्रमाणन' हा शब्द रुळलेला आहे. व्हाउचर ते प्रमाणक, त्यावरून. ट्रेसिंगसाठी पुष्कळांना 'मागोवा' सुचतो, आणि इथे सांभाळा. मराठीत मागोवा मागे जातो, परिणामाकडून उगमाकडे. इथे उगम म्हणजे कागद आणि परिणाम म्हणजे नोंद. म्हणजे 'मागोवा घेतला' असं वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमकं व्हाउचिंग उभं राहील! 'पाठपुरावा' दिशेने बरोबर आहे, कागदाच्या मागे लागून तो वहीत पोहोचेपर्यंत जाणं, पण त्याला सरकारी अर्जांचा वास येतो.

म्हणून माझा सल्ला असा, की नाम शोधूच नका. मराठीत 'वरून' आणि 'कडे' आहेत, ते वापरा. 'नोंदीवरून कागदाकडे' आणि 'कागदावरून नोंदीकडे'. दिशा शब्दातच आली, पाठ करायला काही उरलं नाही. ज्या बाजूला 'वरून' लागतं, तिथून तुम्ही नमुना निवडलात. पहिला रकाना पूर्ण वाक्यात असा लिहिलात की तिसरा रकाना जवळजवळ स्वतःच भरला जातो.

मालाच्या मोजणीवर हे लावून बघू, कारण धड्यात 'मोजणीला हजर राहणे' अशी एकच ओळ असते आणि विद्यार्थी तिच्यापुढे सगळ्या दाव्यांवर टिक करून मोकळे होतात.

समजा पंप बनवणारी कंपनी आहे. वर्षअखेरीला तिचे कर्मचारी माल मोजताहेत आणि ऑडिटर तिथे उभा आहे. यादीवरून मांडणीकडे जाताना त्याने एक ओळ निवडली: पंप 120. मांडणीवर भरले 112. आठ पंप कागदावरच आहेत; एकाचा उत्पादनखर्च 4,500 धरला तर माल 36,000 ने फुगवला आहे. इथे अस्तित्वाचा दावा पडला. मग तो उलट फिरला. मांडणीवरून यादीकडे जाताना 30 खोकी दिसली, यादीत त्यांचा पत्ता नाही. पूर्णतेचा दावा पडला म्हणायचं का? घाई नको. करार मागवला तेव्हा कळलं की तो माल दुसऱ्या कंपनीने फक्त विकायला ठेवला आहे, मालकी तिचीच. म्हणजे यादीत नाही तेच बरोबर. उलट तो यादीत असता तर अस्तित्व डोळ्यांना दिसलं असतं आणि हक्काचा दावा खोटा ठरला असता. मोजून मालकी कळत नाही, त्याला कागद लागतो.

मोजून किंमतही कळत नाही. कोपऱ्यात जुन्या बनावटीचे 40 पंप होते, धूळ बसलेले. संख्या अचूक जुळली. पण वर्ष संपल्यानंतरच्या विक्रीची बिलं काढली तर तसा पंप 3,100 ला जातोय आणि विकायला 200 खर्च येतोय. हाती येणार 2,900, वहीत आहेत 4,500. प्रत्येकी 1,600 प्रमाणे 64,000 कमी करावे लागतील. ही चूक मोजणीने पकडली नाही. मोजणीने धूळ दाखवली, पकडली नंतरच्या बिलांनी. मूल्यमापनासमोर 'मोजणी' लिहायचंच असेल तर 'जुना माल नजरेस येतो' एवढंच लिहा.

कटऑफसाठी गोदामातून निघताना एक आकडा टिपून घ्यायचा: शेवटच्या रवानगी-चिठ्ठीचा क्रमांक. तो 2317 असेल आणि पुढे विक्रीच्या वहीत 2318 चं बिल याच वर्षात दिसलं, तर तोच माल मोजणीतही धरला गेला आणि विक्रीतही. नफा दोन्हीकडून फुगला.

याच प्रसंगात आणखी दोन शब्द गोंधळ घालतात. 'निरीक्षण' आणि 'तपासणी' आपण बोलताना कसेही वापरतो, धड्यात मात्र त्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. कर्मचारी मोजताहेत आणि ऑडिटर बघतोय, हे निरीक्षण. त्याने स्वतः खोकं उघडून पंप पाहिला, ही तपासणी. निरीक्षणाचा पुरावा त्या घटकेपुरताच असतो. शिवाय कुणी बघतंय म्हटल्यावर माणसं नीटच मोजतात.

दुसऱ्या रकान्याबद्दल न विचारलेलं मत देतो. 'भौतिक, कागदी, तोंडी' अशी विभागणी लिहून फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी 'हा पुरावा कुणाच्या हातून आला' ते लिहा. मॅकेसन अँड रॉबिन्स या अमेरिकन कंपनीचा घोटाळा 1938 मध्ये उघडकीला आला, तेव्हा तिथे कागदांची वाण नव्हती. खरेदी, माल, येणी, सगळ्याला कागद होते आणि ते एकमेकांशी जुळतही होते, कारण ते बनवणारे हात एकाच कटातले होते. माल मात्र नव्हता. त्यानंतर 1939 मध्ये तिथल्या ऑडिटरांच्या संघटनेने माल मोजताना हजर राहणं आणि येणेकऱ्यांना पत्र पाठवणं हे नेहमीच्या कामात आणलं.

त्या पत्राच्या उत्तराला मी 'पुष्टी'ऐवजी 'दुजोरा' म्हणेन, कारण दुजोरा दुसऱ्याकडूनच येतो. पत्र ऑडिटरने स्वतः धाडायचं आणि उत्तर थेट त्याच्याकडे यायचं. मधे कंपनीचा हात लागला तर तो दुजोरा उरत नाही. दुजोऱ्याने येणं आहे हे कळतं, वसूल होईल की नाही ते कळत नाही. 'हो, मी देणं लागतो' असं प्रामाणिकपणे लिहिणारा बुडीत निघालेला असू शकतो. त्यासाठी नंतर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम बघायची.

आणि चौकशी, म्हणजे नुसतं विचारणं? 'ऑडिट' हा शब्द लॅटिनमधल्या 'ऐकणे' या धातूवरून आलाय. पूर्वी हिशेब वाचून दाखवत आणि ऑडिटर ऐके. आपल्या 'परीक्षण'मध्ये 'ईक्षण' आहे, म्हणजे बघणं. आज चौकशी एकटी सहसा पुरेशी धरत नाहीत, म्हणजे मराठी शब्दच कामाच्या जास्त जवळ निघाला. फेरगणना आणि विश्लेषण यांना एकेक ओळ पुरे.

एक सांगायचं राहिलं, देण्यांचं. संक्षेपात सर्वांत जास्त चुकतं ते हे वाक्य: 'देणी पूर्ण आहेत का हे पाहण्यासाठी खातेवहीतल्या देण्यांवरून बिले तपासली.' वाचायला छान आहे, पण 'वरून' चुकीच्या जागी आहे. लपवलेलं देणं खातेवहीत नसतंच. तुमच्या पानावर ते असं लिहा: 'वर्षअखेरीनंतर केलेल्या पेमेंटवरून आणि माल आल्याच्या पावत्यांवरून देण्यांच्या यादीकडे – पूर्णता.' पेमेंट पुढच्या वर्षात झालंय, माल याच वर्षात आलाय आणि यादीत नाव नाही, असं दिसलं की राहिलेलं देणं सापडलं.